बकरीचा माज आणि बोकड लावण्याचा दिवस

बकरी साधारण दर 21 दिवसांनी माजावर येते. तीन-चार दिवस मागेपुढे होणे हे नेहमीचेच. माज 24 ते 48 तास टिकतो. पहिल्यांदा माजावर आलेल्या पाठीचा माज त्याहून कमी वेळ टिकतो आणि त्याची लक्षणेही सौम्य असतात. या वेळात बीजांड सुटण्याचा क्षण माजाच्या सुरुवातीला नसून अखेरीकडे, म्हणजे माज सुरू झाल्यापासून सुमारे 24 ते 36 तासांनी येतो. सुटलेले बीजांड काही तासच फळण्याजोगे राहते. बोकडाचे शुक्रजंतू मात्र बकरीच्या अंगात साधारण दिवसभर तग धरतात, आणि फळवण्याची ताकद यायला त्यांना आत पोचल्यावर काही तास लागतात. म्हणून बीजांड सुटण्याआधीच शुक्रजंतू जागेवर हजर असले पाहिजेत. बोकड लावण्याचा दिवस आणि वेळ ठरवण्यामागचे कारण एवढेच आहे. माज ‘आहे’ हे कळून काम अर्धेच होते, तो ‘केव्हा सुरू झाला’ हे कळले की उरलेले होते.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली तालुक्यात आणि वैनगंगेपलीकडच्या गडचिरोलीच्या गावांत हे दुसरे अर्धे काम अवघड जाते. धानाच्या या पट्ट्यात बऱ्याच घरी दोन-चार बकऱ्या असतात आणि त्या गावच्या कळपात जंगलाच्या कडेला चरायला जातात. बकऱ्या दिवसभर चारणाऱ्याच्या नजरेखाली असतात, आणि वाघ-बिबट्याच्या भीतीने दिवस मावळायच्या आत कोठ्यात येतात. घरच्या माणसाला बकरी दिसते ती सकाळी सोडताना आणि सायंकाळी बांधताना. त्यात बोकड बहुतेकांच्या घरी नसतो. नर पिलू लहानपणीच खस्सी होते किंवा सणावाराला, लग्नकार्याला विकले जाते. तीन बकऱ्यांसाठी वर्षभर बोकड पोसणे परवडत नाही आणि त्याचा वास घरात कोणाला नको असतो. त्यामुळे बकरी शेजारच्या गावातल्या बोकडाकडे न्यावी लागते. त्यात अर्धा दिवस जातो आणि मजुरी बुडते. चुकीच्या वेळी नेली तर पुढची संधी तीन आठवड्यांनी येते.

बोकडावाचून माज ओळखणे

माजाची पहिली खूण बहुधा वागण्यातला बदल ही असते. बकरी चाऱ्यावरून तोंड उचलते, इकडेतिकडे पाहते आणि कारण नसताना सारखी ओरडते. दुधावर असेल तर त्या वेळचे दूध थोडे कमी येते. कळपात ती दुसऱ्या बकऱ्यांवर चढते, किंवा दुसऱ्या तिच्यावर चढतात. यातली चढणारी माजावर असेलच असे नाही. जी खाली स्थिर उभी राहते, तिच्यावर लक्ष ठेवायचे. सर्वांत ठळक खूण शेपटीची. माजावरची बकरी शेपटी भराभर हलवते, थांबते आणि पुन्हा हलवते. थोडे थोडे मूतही वारंवार टाकते.

त्यानंतर निरण पाहायचे. ते किंचित सुजलेले आणि लालसर दिसते, शेपटीखालचे केस ओले किंवा चिकटलेले असतात. बळसाचा रंग आणि घट्टपणा यांवरून माज कुठवर आला आहे याचा अंदाज करता येतो. सुरुवातीला बळस पातळ आणि काचेसारखा स्वच्छ असतो. मध्यावर तो वाढतो, ताणला तर तार धरतो आणि हळूहळू गढूळ होऊ लागतो. शेवटी तो पांढरा आणि दह्यासारखा घट्ट होतो. पांढरा घट्ट बळस दिसला म्हणजे माज सरत आला आहे, तेव्हा दुसऱ्या दिवसाची वाट पाहण्यात अर्थ नसतो.

यांपैकी एकाच खुणेवर निर्णय घेतला तर फसगत होते. भुकेली, पिलू विकलेली किंवा नव्या घरी आलेली बकरीही दिवसभर ओरडते. पावसाळ्यात माशा बसू लागल्या की सगळ्याच बकऱ्या शेपटी झटकतात. पण ती झटक अधूनमधून येते आणि सोबत पायही आपटले जातात. विण्याच्या जवळ आलेल्या बकरीचे निरणही सुजते. विल्यानंतर काही आठवड्यांनी येणारा दुर्गंधीयुक्त, पिवळट स्राव हा माजाचा बळस नसून गर्भाशयातल्या पुवाची खूण असतो. अशा बकरीला बोकड लावायचा नसतो, आधी पशुवैद्यकाला दाखवायचे असते. म्हणून निदान दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या तरच माज धरावा.

शंका राहिली तर हाताने पारख करता येते. बकरी बांधलेली नसावी. तिच्या मागच्या बाजूला उभे राहून कमरेवर, शेपटीच्या मुळापाशी तळहाताने दाब द्यायचा. माजावर नसलेली बकरी कंबर खाली घेते किंवा पुढे सरकते. माजावरची बकरी जागीच उभी राहते, पाठ ताठ करते आणि शेपटी जोरात हलवते. अंगाला हात लावू न देणाऱ्या बकरीवर ही पारख चालत नाही. रोज हातातून दाणे खाणारी बकरी असेल तर ती बरीच भरवशाची ठरते.

पाहण्याची वेळही ठरलेली हवी. सकाळी कळप सोडण्याआधी आणि सायंकाळी आल्यावर, दोन्ही वेळा दहा-पंधरा मिनिटे बकऱ्या मोकळ्या ठेवून नुसते पाहायचे. दावणीला बांधलेल्या बकरीची निम्मी लक्षणे दिसतच नाहीत. दिवसातून एकदाच पाहिले तर माज सुरू होऊन चोवीस तास उलटले आहेत की नुकताच सुरू झाला आहे, हे सांगता येत नाही. दोनदा पाहिले तर ही अनिश्चितता बारा तासांवर येते आणि बोकडाची वेळ ठरवायला तेवढे पुरते. चारणाऱ्याला सांगून ठेवले तर दिवसभराचा भागही भरून निघतो. कोणती बकरी कोणावर चढली आणि कोणती उभी राहिली, हे त्याला सर्वांत आधी दिसते.

बोकड नसतानाही त्याचा वास कामी आणता येतो. बोकडाच्या शिंगांच्या मागे वासाच्या ग्रंथी असतात. स्वच्छ जाड फडके तिथे चांगले चोळून झाकणाच्या बरणीत बंद ठेवायचे आणि सकाळी बकऱ्यांसमोर उघडायचे. माजावरची बकरी बरणीकडे येते, हुंगते, शेपटी हलवते. बाकीच्या थोडा वेळ पाहून निघून जातात. वास विरला की फडके पुन्हा बोकडावर चोळून आणावे लागते.

माज ओळखणारा बोकड

पन्नास-साठ बकऱ्यांचा कळप असेल किंवा पाच-सहा घरांनी मिळून सोय केली असेल, तर माज ओळखण्यासाठी एक बोकड ठेवणे सोपे पडते. हा बोकड माज शोधतो, पण त्याच्यापासून बकरी गाभण राहत नाही. यासाठी पशुवैद्यक शुक्रवाहिनी कापून नसबंदी करतो. अंड्या जागेवरच राहतात, त्यामुळे बोकडाचा वास, जोर आणि चढण्याची इच्छा पूर्वीसारखीच राहते. नसबंदीनंतरही नळीत उरलेले शुक्रजंतू काही आठवडे निघत राहतात. म्हणून निदान सहा आठवडे त्याला माजावरच्या बकरीजवळ जाऊ द्यायचे नसते.

खस्सी केलेला बोकड या कामाचा नाही. चिमट्याने किंवा चिरून खस्सी केल्यावर अंड्यांतून येणारे संप्रेरक थांबते आणि काही आठवड्यांत त्याची इच्छा ओसरते. कळपात खस्सी आहे आणि तो कोणावर चढत नाही, म्हणून माजावर कोणी नाही असे समजणे चुकीचे आहे. उलटेही घडते. चिमटा नीट न बसल्याने एक बाजू राहून गेली असेल, तर ‘खस्सी’ म्हणून सोडलेला बोकड बकऱ्या गाभण करतो आणि घरच्या वहीतली तारीख चुकीची ठरते. चिमटा लावून दोन महिने झाले तरी अंडी हाताला पूर्वीइतकीच मोठी लागत असेल, तर पुन्हा तपासून घ्यावे.

दुसरा, स्वस्त उपाय म्हणजे चांगल्या बोकडाच्या पोटाखाली जाड कापड बांधणे. बारदान किंवा ताडपत्रीचा तुकडा छातीमागून बेंबीच्या पुढे-मागे खाली लोंबेल असा पाठीवर पट्ट्यांनी बांधला की बोकड चढतो, पण लागत नाही. नसबंदीच्या बोकडापेक्षा याचा एक फायदा आहे. प्रत्यक्ष समागम होत नसल्याने समागमातून पसरणारा रोग एका बकरीकडून दुसरीकडे जात नाही. तोटा असा की कापड मुताने भिजते, पावसात सुकत नाही आणि खाली कातडी चोळली जाते. तिथे जखम झाली आणि माशी बसली तर अळ्या पडतात. जंगलात चरताना बोरी-बाभळीच्या काट्यांत अडकून ते सरकते आणि सरकलेले कापड काहीच अडवत नाही. म्हणून या भागात कापड बांधलेला बोकड दिवसभर कळपाबरोबर सोडत नाहीत. सकाळी आणि सायंकाळी कोठ्यासमोर पंधरा-वीस मिनिटे बकऱ्यांत फिरवतात आणि मग कापड सोडून वाळत घालतात.

बोकड फिरवताना त्याच्याकडे आणि बकरीकडे दोघांकडे पाहायचे. बोकड निरण हुंगतो, मूत चाटतो आणि मान वर करून वरचा ओठ दुमडतो. एवढ्यावरून बकरी माजावर आहे असे ठरत नाही, कारण तो दिसेल त्या बकरीला हुंगतो. बकरीचे उत्तर महत्त्वाचे. ती पळाली, बसली किंवा वळून ढुशी दिली तर माज नाही, किंवा अजून पुरता आला नाही. ती शेपटी हलवत उभी राहिली आणि बोकड चढल्यावरही हलली नाही, तर खरा माज. रात्रभर बोकड कळपात ठेवायचा असेल तर गेरू खाण्याच्या तेलात कालवून त्याच्या छातीवर जाड लावतात. ज्या बकरीच्या कमरेवर सकाळी लाल डाग असेल, ती रात्री उभी राहिली होती. पावसात भिजलेल्या कळपात मात्र हा डाग टिकत नाही.

बोकड अचानक आणण्याचाही परिणाम होतो. तीन-चार आठवडे किंवा जास्त काळ बोकडाचे दर्शन आणि वास नसलेल्या कळपात नवा बोकड आला, तर बऱ्याच बकऱ्या आठ-दहा दिवसांत माजावर येतात. त्यांतल्या काही पाच-सात दिवसांतच पुन्हा माजावर येतात. हा आजार नव्हे आणि बोकड निकामी असल्याची खूणही नव्हे. पहिला माज अपुरा होता, गाभण राहण्याजोगा माज दुसरा. म्हणून अशा कळपात बोकड आल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात दिसलेल्या माजावर फार भरवसा ठेवू नये. दूरच्या बोकडाकडे न्यायची बकरी असेल तर तो माज वहीत मांडून पुढच्याची वाट पाहावी.

वेळ ठरवणे

सकाळी माज दिसला तर त्याच दिवशी सायंकाळी बोकड लावायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. सायंकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी आणि त्याच सायंकाळी. हा नियम आदल्या वेळेला बकरी पाहिलेली होती आणि तेव्हा ती शांत होती, या गृहीतावर चालतो. आदली वेळ चुकली असेल तर नियम बाजूला ठेवून लगेच बोकड लावायचा आणि बकरी उभी राहत असेल तोवर बारा तासांनी पुन्हा. बकरी उभीच राहत नसेल तर तिला दोन माणसांनी धरून बोकड लावण्याने काही साधत नाही. माज संपलेला असतो.

ऋतूचा हिशेबही दिवसाला लागून असतो. बकरीचा गाभणकाळ साधारण 150 दिवसांचा आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये फळलेली बकरी जुलै-ऑगस्टमध्ये विते. सावलीच्या मुसळधार पावसात, ओल्या कोठ्यात, त्या पिलांना थंडी-न्यूमोनियाचा धोका मोठा असतो. जूनमध्ये फळलेली बकरी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये विते. तेव्हा पाऊस सरलेला असतो आणि धान कापणीनंतरच्या मोकळ्या बांध्यांत तिला चारा मिळतो. सप्टेंबर-ऑक्टोबरची पाळी साधली तर पिले फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. पावसाच्या तोंडावर कोवळा पाला निघाला की बकऱ्यांची तब्येत सुधारते आणि माजही ठळक दिसतो, हा जूनच्या पाळीचा दुसरा फायदा. त्यामुळे फेब्रुवारीतला ठळक माज सोडून देणे हाही ‘योग्य दिवस’ निवडण्याचाच भाग आहे.

एका घरची नोंद

जंगलालगतच्या एका घरच्या तीन बकऱ्यांची नोंद घेतली तर हे नियम एकत्र कसे चालतात ते कळते. पहिली काळी बकरी 10 मार्चला जुळे विलेली. पिले जवळजवळ सुटलेली आणि अंगावर मांस धरलेले. 1 जूनच्या सायंकाळी ती शांत होती. 2 जूनच्या सकाळी चाऱ्याला तोंड लावीना, शेपटी हलवत होती, बळस पातळ आणि स्वच्छ. म्हणजे माज रात्रीत कधीतरी सुरू झालेला. तो रात्री दहाच्या सुमारास सुरू झाला असे धरले, तर बीजांड 2 जूनच्या रात्री दहापासून 3 जूनच्या सकाळी दहापर्यंत केव्हाही सुटणार. बोकड शेजारच्या गावात, तीन किलोमीटरवर. दुपारच्या उन्हात चालवून थकवण्यापेक्षा बकरी ऊन उतरल्यावर नेली, सायंकाळी सहाला बोकड लावला, रात्री तिथेच बांधली आणि 3 जूनला पहाटे पुन्हा लावून परत आणली. बीजांड लवकर सुटले तर पहिल्या भेटीचे आणि उशिरा सुटले तर दुसऱ्या भेटीचेही शुक्रजंतू जागेवर हजर होते.

दुसरी तांबडी बकरी 8 जूनला लग्नाच्या गडबडीत कोणी पाहिलीच नाही. 9 जूनच्या सकाळी शेपटीखाली पांढरा घट्ट बळस वाळलेला दिसला. कमरेवर दाब दिला तर ती पुढे पळाली. तिला न नेता भिंतीवरच्या कॅलेंडरात 9 जूनला खूण केली आणि 27 जून ते 2 जुलै या तारखांभोवती रेघ मारली. त्या दिवसांत गावातला कापड बांधलेला बोकड सकाळ-सायंकाळ कोठ्यासमोर फिरवला. 29 जूनच्या सकाळी ती त्याच्यापासून पळाली, सायंकाळी उभी राहिली. 30 जूनला सकाळी आणि सायंकाळी खऱ्या बोकडाची भेट घडवली.

तिसरी पाठ, नऊ महिन्यांची. तीही जूनमध्ये माजावर आली. बारदानात बसवून लटकत्या काट्याला टांगली तर वजन 14 किलो भरले. तिची आई 28 किलोची. पाठीला बोकड लावण्याआधी तिचे वजन मोठ्या बकरीच्या सुमारे 70 टक्के, म्हणजे इथे 19-20 किलो, झालेले असावे. वयाचा आकडा पुरा झाला म्हणून लावली असती तर पिलाच्या आकारापुढे तिची कंबर अरुंद पडली असती आणि तिची स्वतःची वाढ खुंटली असती. तिचा माज मांडून ठेवला, पण तिला कळपातल्या वाढत्या नर पिलांपासून वेगळे बांधले. ही काळजी सोडून चालत नाही. चार-पाच महिन्यांचे नर पिलूही बकरीला गाभण करू शकते आणि गावच्या कळपात ते बहुधा तिचा भाऊ किंवा मुलगा असते.

बोकड लावल्यानंतर

बकरी फळली की नाही याची पहिली कसोटी पुढच्या पाळीला लागते. काळ्या बकरीसाठी 20 ते 25 जून हे दिवस पाहण्याचे होते. त्या दिवसांत ती शांत राहिली. तांबडीसाठी तसेच दिवस 18 ते 23 जुलै. बकरी त्या वेळी उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली, तर तीच सकाळ-सायंकाळची रीत पुन्हा करायची. एकच बकरी दोन-तीन पाळ्या उलटत असेल तर दोष बहुधा तिचा. पण एकाच बोकडाकडे नेलेल्या अनेक बकऱ्या उलटत असतील तर बोकड तपासायचा. जूनमध्ये एका गावचा एकच बोकड दिवसाला पाच-सहा बकऱ्यांना वापरला जातो, तेव्हा शेवटच्या बकऱ्यांना कस कमी मिळतो. दिवसाला दोन-तीन भेटींवर त्याला थांबवले तर पुढच्या दिवसासाठी तो शाबूत राहतो.

न उलटणे म्हणजे नक्की गाभण असेही नाही. क्वचित गर्भ नसतानाही माज थांबतो आणि पोट वाढते, तर कधी पुढचा माज सौम्य असल्याने नजरेतून सुटतो. दीड-दोन महिन्यांनी पशुवैद्यकाकडे सोनोग्राफीची सोय असेल तर खात्री करून घेता येते. नसेल तर दुसऱ्या पाळीलाही, म्हणजे बेचाळिसाव्या दिवसाच्या आसपास, पाहत राहायचे.

दोन पाळ्या शांत गेल्या की विण्याची तारीख मांडता येते. 2 जूनपासून 150 दिवस म्हणजे 30 ऑक्टोबर. पाच दिवस मागे-पुढे धरून काळ्या बकरीची मुदत 25 ऑक्टोबर ते 4 नोव्हेंबर होते. 30 जूनला फळलेल्या तांबडीची तारीख 27 नोव्हेंबर, म्हणजे मुदत 22 नोव्हेंबर ते 2 डिसेंबर. मुदतीच्या आदल्या आठवड्यापासून ती बकरी जंगलात पाठवायची नसते. कोरड्या जागी घरीच बांधून चारा-पाणी द्यायचे आणि कोठ्यात रात्री एक फेरी मारायची.